उपाशी पोटी

माझ्या डाव्या भुवईवर टाक्यांची खूण आहे. ती माझ्या सख्ख्या भावानं दिली. पितळी तांब्या फेकून मारला त्यानं, तोही तीन हातांवरून, आणि तो दिवस त्याला अजिबात आठवत नाही. मला आठवतो. माझ्या आठवणीला काही धाड भरलेली नाही.

मी डॉक्टर आहे. औरंगपुऱ्यात एका कापडदुकानाच्या वर माझा दवाखाना आहे, आणि माझ्याकडं येणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांना साखरेचा आजार आहे. भाऊ माझ्याहून मोठा. आम्ही त्याला दादा म्हणतो. हर्सूलला राहतो, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, दुपारच्या पाळीत. त्यालाही साखर आहे, बऱ्याच वर्षांपासून. पण लहान बहिणीकडून औषध घ्यायचं म्हणजे त्याच्या मिशीला कमीपणा, म्हणून तो दुसऱ्या डॉक्टरकडं जायचा. मी म्हटलं, जा बाबा, कुठंही जा, पण गोळ्या खा. गोळ्या तो खायचा. त्यात कधी चुकला नाही, आणि पुढचं सगळं महाभारत त्या न चुकण्यातूनच झालं.

वहिनी शाळेत विज्ञान शिकवते. माहेर पिशोरचं. बोलणं कमी, पण बोलली की नेमकं. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी एकच प्रश्न आमच्या घरात होता: वहिनी माहेराहून परत येणार की नाही. आणि तो प्रश्न येऊन अडकला होता दादाच्या उपासावर.

उपास म्हणजे आपला साबुदाण्याचा नव्हे. हर्सूल तलावाकडं सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींचा एक गट होता. त्यांचा म्होरक्या एक निवृत्त इंजिनिअर. त्यांचा नियम असा की दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्यातच काय ते खायचं, बाकी सोळा तास फक्त पाणी. दादा त्यात शिरला आणि दोन-तीन महिन्यांत पोट आत गेलं, साखर उतरली. मग काय, अंगात देवच आला. जो भेटेल त्याला उपदेश. माझ्या दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून माझ्याच पेशंटांना सांगायचा, वर कशाला जाता, सकाळचा नाश्ता सोडा. एकदा मी त्याला दंडाला धरून खाली रस्त्यावर नेऊन सोडलं.

एका रविवारी त्यांच्याकडं जेवायला गेले होते. वहिनीनं शेवभाजी आणि भाकरी केली होती. दादा बरोबर बाराला ताटावर बसला आणि सुरू झाला.

"हे कमी खाण्याचं काम नाहीच. कमी खाऊन कुणीबी बारीक होतं. ही वेळेची जादू आहे. पोट रिकामं राहिलं की पेशी आपलाच कचरा खातात. शरीर आतून नवं होतं."

"कुणाच्या पेशी?" मी विचारलं.

"कुणाच्या म्हणजे? शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय."

"उंदरांवर केलंय, दादा. उंदराला एक दिवस उपाशी ठेवलं तर त्याचं वजन चांगलंच घटतं, तो मरणाच्या वाटेला लागतो. उंदराचा एक दिवस म्हणजे आपले कितीतरी दिवस. माणसाच्या पेशी सोळा तासांत किती कचरा खातात हे नीट मोजलेलंच नाही. मोजायला मांसाचा तुकडा काढावा लागतो, तो कोण देणार? तू देतोस?"

"मग माझं पोट कसं गेलं?"

"तुझी रात्रीची भेळ गेली. कॉलेजातल्या चार चहांतले दोन गेले. सकाळी तलावाला चक्कर मारतोस ते वाढलं. जेवायच्या वेळा कमी झाल्या म्हणून पोटात कमी गेलं. यातलं कशानं पोट गेलं ते तू कसं ओळखलंस? फिजिक्स शिकवतोस न, एका वेळी चार गोष्टी बदलून कुणी प्रयोग करतं का?"

वहिनी भाकरी वाढता वाढता थांबली. "मग कसा करायचा प्रयोग, वन्सं?"

मला बरं वाटलं, कुणीतरी शहाण्यासारखं विचारलं. मी सांगितलं की दोन गट घ्यायचे, चिठ्ठ्या टाकून. दोघांना दिवसाकाठी सारखंच अन्न द्यायचं. एकानं ते आठ तासांत खायचं, दुसऱ्यानं दिवसभरात. असे प्रयोग झालेत. त्यात बहुतेक ठिकाणी दोघांचं वजन जवळपास सारखंच उतरलं, साखर आणि रक्तदाबही थोड्याफार फरकानं सारखेच. म्हणजे जो फायदा दिसतो त्यातला बराचसा कमी खाण्याचा. काही छोट्या प्रयोगांत, लोकांनी सकाळी लवकर खाऊन दुपारीच तोंड बंद केलं तेव्हा, वजन न उतरताही इन्सुलिनचं काम जरा सुधारलेलं दिसलं. पण माणसं मोजकी, आठवडे मोजके. त्यावर घर बांधता येत नाही. आणि हे दादाचं तर उलटंच आहे, हा सकाळचं सोडतो आणि रात्री आठला चेपून खातो.

"म्हणजे खोटं आहे?" वहिनी म्हणाली.

"खोटं म्हणत नाही मी. सिद्ध झालेलं नाही म्हणते. ज्याला मोजूनमापून खाणं जमत नाही त्याला घड्याळ बघून खाणं जमत असेल तर खुशाल करावं, सोपं आहे. पण त्या नियमाला जादू म्हणू नये. आणि आधी काय होतं ते बघितल्याशिवाय एखाद्या गोष्टीला श्रेय द्यायचं नसतं."

दादानं पाण्याचा पेला टेबलावर असा आपटला की पाणी माझ्या ताटात. "तुला माझं चांगलं बघवत नाही," म्हणाला. "तुझं दुकान बसेल न."

मी हात धुतले आणि निघाले. वहिनी दारापर्यंत आली. एवढंच म्हणाली, "पक्कं लक्षात ठेवते मी."

त्यानंतर दादाच्या रागाच्या बातम्या यायला लागल्या. एका सकाळी औरंगपुऱ्याच्या तोंडाशी रिक्षावाल्याशी भांडण झालं. आरसा जरासा घासला होता म्हणे. दादानं त्याची कॉलर धरून त्याला रिक्षातून ओढलं आणि गुद्दे घातले. लोकांनी सोडवलं तेव्हा दादा थरथरत होता, घामानं भिजला होता, बोबडं बोलत होता. बघणाऱ्यांना वाटलं, मास्तर सकाळीच पिऊन आलाय. चहावाल्यानं त्याला बसवून गोड चहा पाजला आणि थोड्या वेळात स्वारी गप्प. उपास मोडला म्हणून गटात जाऊन माफीही मागून आला. गटातल्यांनी सांगितलं, घाबरू नका सर, विष बाहेर पडतंय. घाम येणार, हात कापणार, राग येणार. हे चांगलं लक्षण आहे.

भांडणाचं कळलं, पण हे घामाचं आणि विषाचं मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तलावावर जाऊन त्यांचं विष तिथंच उतरवलं असतं.

मग वहिनीचं मनगट मोडलं. दादा फोनवर म्हणाला, न्हाणीत पाय घसरला. प्लास्टर घालून ती पिशोरला गेली, विश्रांतीला. मला काही खटकलं नाही. न्हाणीत पडून मोडलेली मनगटं मी रोज बघते.

पौषातली गोष्ट आहे. सकाळी दवाखान्यात मी पहिल्या पेशंटची नाडी धरली होती, तेवढ्यात वहिनीच्या भावाचा फोन आला. एरवी अदबीनं बोलणारा माणूस.

"ताई, आम्ही दाजीच्या घराकडं चाललोय. त्यांनी माझ्या बहिणीचा हात मोडला. दारात चेंगरला तिचा हात, अन् वरून दार दाबून धरलं. लई दिवस ती बोलली नाय, काल बोलली. तुम्ही मधी पडू नका, एवढं सांगायला फोन केला."

मी पेशंट तशीच सोडली. कुणाचं ना कुणाचं डोकं फुटणार हे दिसत होतं, म्हणून औषधांची बॅग उचलली आणि स्कूटी हाणली. वाटेत सगळ्या सिग्नलना मी शिव्या घातल्या. दादालाही घातल्या. खरं सांगायचं तर मलाच त्याला दोन ठेवून द्यायच्या होत्या.

पोचले तर जीप दारात उभी. वहिनीचा भाऊ आणि त्याचे दोन चुलतभाऊ, तिघंही शेतात राबलेले, दणकट. त्यांनी दादाला ओट्यावर ओढलं होतं. एकानं मागून मिठी घातलेली, दुसरा समोरून तोंडावर मारत होता. दादाचं नाक फुटलं होतं. पण दादा मार खाणाऱ्यासारखा वागत नव्हता. ओरडत नव्हता, सोडा म्हणत नव्हता. घशातून नुसता घर्रघर्र आवाज काढत होता. पन्नाशी उलटलेला, उपासानं वाळलेला मास्तर, आणि त्यानं झटका दिला तसा तो मागचा गडी कुंडीवर जाऊन पडला. मग दादानं मेहुण्याच्या हाताला चावा घेतला. सोडेचना. मेहुणा बोंबलला आणि त्यानं दुसऱ्या हातानं दादाच्या कानशिलात अशी हाणली की मला पायऱ्यांपर्यंत आवाज आला.

"दादा," मी ओरडले.

त्यानं माझ्याकडं बघितलं. ओळख नव्हती त्या डोळ्यांत, काहीच नव्हतं. तुळशीजवळ तांब्या होता तो त्यानं उचलला आणि भिरकावला. भुवईवर बसला. मी खाली बसले, डोळ्यात रक्त, काही दिसेना. संताप असा उसळला की तोंडून निघालं, मारा त्याला, मारा हरामखोराला. मी म्हणाले हे. सख्खी बहीण.

त्यांनी मारलंच. लाथ घातली, तो पालथा पडला. मी पदरानं डोळा पुसला आणि तेव्हा मला त्याचा सदरा दिसला. पाठीवरून कमरेपर्यंत चिंब. बाहेर कडाक्याची थंडी, माणसं स्वेटर घालून हिंडतायत, आणि याच्या अंगातून घाम निथळतोय. हात पांढरे, बोटं कापतायत. माझं डोकं एकदम गार झालं.

"थांबा," मी म्हणाले. "मारू नका. धरा त्याला. त्याची साखर उतरलीय."

"नाटकं नका लावू, ताई."

"भाऊ, मी हात जोडते. आत्ता धरा. नंतर मी स्वतः तुमच्या हातात काठी देते."

काय वाटलं त्याला कोण जाणे. मेहुणा दादाच्या पाठीवर बसला, एकानं पाय धरले, एकानं उजवा हात ओट्याला दाबला. मी बोटाला सुई टोचली. यंत्रावर आकडा आला, बत्तीस. एवढ्या साखरेवर माणसाचा मेंदू चालत नाही. काही जण गपकन झोपतात, काही जण जनावरासारखे लढतात. तोंडातून साखर घालायची सोय नव्हती, गिळण्याची शुद्ध नव्हती, श्वासनळीत गेली असती. शिरेतूनच द्यायला हवी होती.

शीर सापडेना. तो हात झटकायचा, सुई निसटायची. एकदा सुई त्याच्याच कातडीत वाकडी झाली, एकदा माझ्या अंगठ्यात घुसली. माझं रक्त त्याच्या कोपरावर टपकत होतं आणि मी तोंडानं त्याला आईवरून शिव्या देत होते. आमची आई एकच आहे याचंही भान नव्हतं. जे त्याचे हात मोडायला आले होते तेच त्याचा हात मुठीत आवळून धरून होते, आणि मेहुण्याच्या चावलेल्या मनगटातून रक्त ओघळत होतं. शेवटी शीर मिळाली. मी ग्लुकोज सावकाश ढकललं. पहिली कुपी संपली, दुसरी लावली. त्याचा हात हळूहळू सैल झाला.

दादानं डोळे उघडले. पाठीवर बसलेल्या मेहुण्याकडं मान वळवून म्हणाला, "अरे, तुम्ही कधी आलात? चहा झाला का?"

मेहुणा त्याच्या पाठीवरून उठला आणि ओट्याच्या कडेला जाऊन रडायला लागला.

तो साखरेची जी गोळी घ्यायचा तिचा असर लांब चालतो. एकदा साखर वर आणली म्हणजे झालं असं नसतं, ती पुन्हा खाली जाते. म्हणून त्याला दवाखान्यात भरती करून सलाइनवर ठेवलं. माझ्या भुवईला तिथंच टाके पडले. दुसऱ्या दिवशी तो चांगला शुद्धीवर आला, तेव्हा मी खुर्ची ओढून बसले आणि उलटतपासणी घेतली.

"गोळी कधी घेतोस?"

"चुकवत नाही मी. फिरून आल्यावर. उपाशी पोटी."

"आणि खातोस कधी?"

"बाराला. तुला माहीत आहे की."

"उपाशी पोटी म्हणजे काय, दादा?"

"म्हणजे पोटात काही नसताना. आणि माझं पोट बारापर्यंत रिकामंच असतं. इतरांना जमत नाही, मला जमतं." वर अभिमान.

मी भिंतीवर डोकं आपटायची बाकी राहिले होते. आमच्याकडं गावापासून शहरापर्यंत सगळे डॉक्टर, सगळे औषधवाले हेच दोन शब्द म्हणतात: उपाशी पोटी. म्हणणाऱ्याच्या मनात असतं, खायच्या अगोदर घे आणि लगेच खा. ती गोळी स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन काढायला लावते, पोटात अन्न येणार आहे या भरवशावर. आधी दादा गोळी घेऊन पोह्यांना बसायचा, म्हणून वर्षानुवर्षं काही झालं नाही. उपास सुरू केल्यावर पोहे गेले, गोळी राहिली. आणि त्याला वाटलं की आता तर आपण डॉक्टरची आज्ञा जास्तच चोख पाळतोय. शिवाय वजन उतरलेलं, म्हणजे गोळी कमी करायला हवी होती. पण उपासाचं त्यानं त्याच्या डॉक्टरला सांगितलंच नव्हतं. बोलणी खावी लागतील म्हणून.

मेहुणा दाराशी उभा होता, हाताला पट्टी. "म्हणजे दाजीचा काय दोष नव्हता?" त्यानं विचारलं.

"नव्हता," मी म्हणाले. "साखरेनं केलं ते."

किती पटकन म्हणाले मी.

त्याच आठवड्यात मी सकाळी तलावावर गेले, भुवईला पट्टी घेऊनच. गट गोल करून बसला होता. एक बाई आपली कंबर कशी दुखायची थांबली ते सांगत होत्या. त्यांचं संपल्यावर मी उभी राहिले.

"इथं साखरेच्या गोळ्या कोण कोण घेतं?"

बरेच हात वर झाले.

"सकाळची गोळी उपाशी पोटी कोण घेतं?"

तेच हात, जवळजवळ सगळे. मी सांगितलं, आजच्या आज आपापल्या डॉक्टरला भेटा, उपास करता हे सांगा, ठराविक गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन असा उपास केला तर माणूस मरू शकतो. घाम आणि कापरं म्हणजे विष नव्हे, साखर खा.

म्होरक्या उठला. "मॅडम, तुमच्या भावाच्या एका चुकीवरून तुम्ही हजारोंचा अनुभव खोटा ठरवता?"

"अनुभव इथं बसलेल्यांचा आहे. ज्यांना त्रास झाला आणि सोडून गेले, ते कुठं बसलेत? त्यांना कुणी माइक दिला? तुम्ही बारीक झालात, आनंद आहे. कमी खाल्लंत, चाललात. त्याच्यापलीकडं उपासानं काही दिलं असं म्हणायला भक्कम पुरावा नाही. उद्या आला तर मीच येऊन सांगेन."

मागून एक जण म्हणाला, कंपन्यांची दलाल. मी वळले तर त्यानं हातातली फिरायची काठी माझ्या छातीला टोचून मला मागं ढकललं. मी काठी हिसकली, गुडघ्यावर मोडली आणि तलावात फेकली. मग दोघा-तिघांनी मला धरलं, कुणी माझी ओढणी खेचली, बायका मध्ये पडल्या. म्होरक्या हात जोडून सगळ्यांना शांत व्हा म्हणत होता. दोन बायका मला स्कूटीपर्यंत सोडायला आल्या. त्यातली एक हळूच म्हणाली की तिलाही सकाळी असाच घाम येतो.

दादा घरी आला. गोळी बदलली, सकाळचे पोहे सुरू झाले. आता उरला एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर माझ्या हातात आहे अशी माझी खात्री होती. मी यंत्रावरचा आकडा, भरतीचे कागद सगळं घेऊन पिशोरला गेले.

वहिनी अंगणात मक्याच्या कणसांपाशी बसली होती. प्लास्टरचा हात मांडीवर. मी सगळं समजावलं. मेंदूला साखर मिळाली नाही की माणूस काय करतो, का आठवत नाही, दारात हात चेंगरला ती सकाळचीच वेळ होती, गोळीनंतरची, जेवणाआधीची. सगळं जुळतं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"त्या सकाळचं पटलं मला," ती म्हणाली. "डोळे वेगळेच होते त्यांचे. तो हात साखरेचा, मान्य."

"मग चला घरी."

"वन्सं, त्या रविवारी तुम्ही काय म्हणाला होता? आधी काय होतं ते बघितल्याशिवाय उपासाला श्रेय द्यायचं नाही. म्हणाला होता न?"

"हो."

"मग दोषबी देऊ नका."

मला कळलं नाही. तिनं वरचा ओठ बोटानं उचलून दाखवला. पुढच्या दाताचा कोपरा नव्हता. मला माहीत होतं ते, फार जुनं. खजुराची बी लागली म्हणून सांगितलं होतं. खजूर काय दगड असतो का, म्हणून मी तिला चिडवलंही होतं.

"गच्चीच्या जिन्यात," ती म्हणाली. "तेव्हा ना उपास होता, ना गट. साखरेचा आजारबी नव्हता. त्यानंतरही व्हायचं. कधी वर्षातून एकदा, कधी दोनदा. नेहमी रात्री, जेवण झाल्यावर. पुरणपोळी खाऊन उठलेत अन् मारलंय. तुम्ही उपाशी पोटीचं मोजून आणलंत, वन्सं. मला भरल्या पोटी मारलंय त्यांनी."

तिच्या भावानं तिथंच पायरीवर बसून हे ऐकलं. तो चावलेल्या हाताची पट्टी सोडून पुन्हा बांधत राहिला.

मला तिच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता, हे मी साफ सांगते. परतीच्या वाटेवर मी स्वतःशीच भांडत होते. एका बाईचं सांगणं, साक्षीदार नाही, इतक्या वर्षांनी. पुरावा किती भक्कम? मग स्वतःचीच लाज वाटली. दादाच्या बाजूनं माझ्याकडं काय होतं? एका सकाळचा एक आकडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्सूलला गेले. दादानं स्वतः पोहे केले होते, वर शेव, लिंबू. त्याचं खाणं होत आलं तशी मी साखर मोजली. एकशे अडतीस. छान होती. त्यानं खूश होऊन आणखी पोहे वाढून घेतले.

"सांगितलंस का तिला सगळं साखरेचं?"

"सांगितलं."

"मग येतेय का?"

मी म्हटलं, "दादा, वहिनीचा दात कशानं तुटला होता रे?"

त्यानं पोह्यांवर लिंबू पिळलं. मग म्हणाला, "खजुराची बी."

"गच्चीच्या जिन्यात खजूर खात होती?"

ताट माझ्या कानाजवळून गेलं आणि भिंतीवर आपटलं. तो उभा राहिला, बोट माझ्या डोळ्यासमोर नाचवत. घाम नव्हता. हात कापत नव्हता. बोलणं एकदम स्पष्ट. "नवराबायकोत तू पडायचं नाही," तो म्हणाला, "नाहीतर तुझंही थोबाड रंगवीन." त्यानं मला पुरतं ओळखलं होतं.

यंत्र अजून माझ्या हातात होतं, पडद्यावर तोच आकडा. मी ते पर्समध्ये टाकलं, बाहेर ओट्यावर आले आणि पिशोरला फोन लावला. वहिनीनंच उचलला. मी तिला म्हटलं, पोलिसांत जायचं असेल तर मी बरोबर येते, आणि तुम्ही इकडं येऊ नका.